शेडचं बिल

शिरोलीच्या एमआयडीसीत आमचं लेथकाम चालतं. २०२२ साली जुन्या शेडला लागून नवी शेड उभारली. ठेकेदाराचं बिल १२ लाखांचं, त्यावर १८ टक्क्यांनी २,१६,००० रुपये जीएसटी. शेड कारखान्याची, तिथं बनणाऱ्या मालावर आम्ही कर भरतो. मग शेडवर दिलेला कर वजा मिळणारच, असं मी धरून चाललो. GSTR-2B मध्येही ती रक्कम मिळणाऱ्या क्रेडिटमध्येच दिसत होती. मी ती घेतली आणि त्याच महिन्याच्या करात वापरली.

दहा महिन्यांनी हिशेब तपासताना आमच्या सीए मॅडमनी ते बिल बाजूला काढलं. "शेडचं आहे ना? याचं क्रेडिट मिळत नाही." मी पोर्टलवरचा आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "ठेकेदारानं बिल दाखवलंय, एवढंच पोर्टलला कळतं. तुम्ही त्यातून काय बांधलंत ते कळत नाही. ते आपण ओळखून GSTR-3B मध्ये उलटवायचं असतं."

कायद्याचं कलम १७(५) त्यांनी समजावून सांगितलं. जेवणाची बिलं, मालकाची कार यांचं क्रेडिट मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. इमारतही त्यातच येते, हे नव्हतं. ठेकेदाराला काम दिलं काय, स्वतः सिमेंट-सळई आणून बांधलं काय, कर परत मिळत नाही. शेड नटबोल्टची आहे, उद्या खोलून नेता येईल, असंही मी म्हणून पाहिलं. "शेड ती शेडच. यंत्र नव्हे," त्या म्हणाल्या.

यंत्राची गोष्ट मात्र वेगळी. त्याच शेडमध्ये सीएनसी बसवताना खाली काँक्रीटचा पाया घातला होता. तोही बांधकामच, म्हणून मी त्याचे १०,८०० रुपये सोडून दिले होते. पण यंत्राचा पाया आणि त्याला आधार देणारा सांगाडा कायद्यानं यंत्रातच धरलाय. जुन्या शेडची गळती काढली, रंग दिला, तो खर्च आम्ही दुरुस्तीखाती टाकला होता. त्याचंही क्रेडिट चालतं. तोच खर्च इमारतीच्या किमतीत चढवला असता, तर गेलं असतं.

म्हणजे जे घ्यायचं ते सोडलं आणि सोडायचं ते घेतलं. २,१६,००० परत भरले. रक्कम वापरलेली असल्यानं वर्षाला १८ टक्के दरानं दहा महिन्यांचं ३२,४०० व्याज बसलं. नुसती खात्यात पडून असती, तर व्याज लागलं नसतं. नोटीस येण्याआधी भरल्यामुळे दंड टळला. परत केलेला कर शेडच्या किमतीत मिळवला, आता त्यावर आयकरात घसारा मिळतो.

यंदा दुसरं मशीन येतंय. पायाचं बिल वेगळं आणि फरशी-भिंतींचं वेगळं द्या, असं ठेकेदाराला काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवलंय.