'रोजी', 'वाजता' आणि 'साली'

इतिहास हा माझा विषय. तथापि निवासी शाळेत एकाच विषयावर भागत नाही, त्यामुळे पहिल्याच वर्षी आठवीचे इंग्रजीही माझ्याकडे आले. त्याच वर्षी एका कार्यालयास मी इंग्रजीतून अर्ज केला होता. 'मी 14 जून रोजी रुजू झालो' या अर्थी त्यात 'इन 14 जून' असे लिहिले होते. अर्ज परत आला, त्या 'इन'भोवती लाल वर्तुळ होते. कारण मात्र कोणी लिहिले नव्हते. एम.ए. झालेल्या माणसाला ते वर्तुळ किती मोठे दिसते, हे ज्याच्या अर्जावर ते पडले त्यालाच ठाऊक. आणि खरे सांगायचे तर मीही मुलांच्या वह्यांत कारण न सांगता अशीच वर्तुळे काढत होतो.

घोटाळा कोठे होतो, ते एका वहीमुळे उमगले. वसतिगृहात रविवार हा पालकभेटीचा दिवस. वडील भेटून गेल्यावर एका मुलाने लिहिले होते : 'माय फादर केम इन संडे ॲट मॉर्निंग ॲण्ड वेंट ऑन नाइट.' तीन ठिकाणी तीन शब्द, आणि तिन्ही चुकलेले. पण त्याच्या मनातले मराठी वाक्य पाहा : वडील रविवारी सकाळी आले आणि रात्री गेले. रविवारी, सकाळी, रात्री. तिघांनाही सप्तमीचा एकच 'ई'. एका प्रत्ययासाठी इंग्रजीत तीन शब्द दिसतात म्हटल्यावर मूल अंदाजाने एकेक वाटून टाकणार, यात नवल नाही.

मला वाट सापडली ती इतिहासाच्या लेखनात. तेथे आपण नुसत्या 'ई'वर थांबत नाही. संविधान सभेने संविधान 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारले, असे लिहितो. दिवस गाळला तर 'नोव्हेंबर 1949 मध्ये' म्हणतो. 'नोव्हेंबर 1949 रोजी' असे कोणीही म्हणणार नाही. केवळ वर्ष उरले की '1949 साली'. आणि घड्याळातली वेळ असेल तर 'दहा वाजता'. म्हणजे इंग्रजीला हवा असलेला भेद मराठीला ठाऊक आहेच! जेथे 'रोजी' बसते, तेथे 'ऑन'. जेथे 'मध्ये' किंवा 'साली', तेथे 'इन'. जेथे 'वाजता', तेथे 'ॲट'. महिन्याचे नाव दिसले की मुले (आणि एके काळी मीही) 'इन' लिहून मोकळी होतात. पण त्या महिन्याशेजारी तारीख उभी असेल, तर अधिकार तारखेचा असतो. वाराचेही तसेच. 'रविवार, दिनांक अमुक रोजी' असे आपण लिहितोच, म्हणून 'ऑन संडे'.

सकाळ आणि रात्र यांना मात्र ही कसोटी लागत नाही. ते पाठच करावे लागते : 'इन द मॉर्निंग', 'इन द इव्हनिंग', परंतु 'ॲट नाइट'. यातला 'द' मुले हमखास गाळतात आणि 'इन मॉर्निंग' लिहितात. 'नाइट'पूर्वी मात्र तो नको असतो. 'इन द नाइट' हेही चुकीचे नाही, पण त्याचा अर्थ रात्री केव्हातरी, मध्येच. रात्रीतून पाऊस पडून गेला, असे सांगायचे असेल तर ते चालेल.

पण सकाळीला किंवा रात्रीला वार अथवा तारीख चिकटली, की 'रोजी'चे राज्य पुन्हा सुरू होते. 26 नोव्हेंबर रोजी सकाळी म्हणजे 'ऑन द मॉर्निंग ऑफ 26 नोव्हेंबर'. रविवारी सकाळी म्हणजे 'ऑन संडे मॉर्निंग'; येथे 'इन द' पार निघून जाते. त्या मुलाचे वाक्य आम्ही फळ्यावर याच क्रमाने तपासले. पहिल्या भागात वार आहे, म्हणून 'ऑन संडे मॉर्निंग'. दुसऱ्या भागात रात्र एकटीच आहे, म्हणून 'ॲट नाइट'. वाक्य झाले : 'माय फादर केम ऑन संडे मॉर्निंग ॲण्ड वेंट बॅक ॲट नाइट.'

पुढच्या आठवड्यात त्याने मोठ्या विश्वासाने लिहिले, 'ही विल कम ऑन नेक्स्ट संडे.' नियम पाळूनच चूक झाली होती. रविवारपूर्वी 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस' किंवा 'एव्हरी' आले, की तो छोटा शब्द मुळी लागतच नाही. 'ही विल कम नेक्स्ट संडे' एवढेच पुरते. या खेपेस मी वर्तुळ काढले नाही. 'ऑन'वर एक आडवी रेघ मारली आणि समासात कारण लिहिले. वही परत घेताना त्याने ते दोनदा वाचले. मग विचारले, "सर, म्हणजे वडील येणार हे तर नक्की ना?"