मार्फतचा पत्ता

पत्ता वाचण्याची आपली रीत आणि टपालखात्याची रीत एकमेकींच्या उलट आहेत. आपण वरून खाली वाचतो: आधी माणसाचे नाव, मग इमारत, मग रस्ता, शेवटी शहर. टपाल वेगळे करणाऱ्याची नजर मात्र आधी शेवटच्या ओळीकडे जाते. तेथे ४२१२०१ असेल, तर पत्र डोंबिवली पूर्वेला जाणार. ४२१२०२ असेल, तर पश्चिमेला. वरच्या ओळीत कितीही वजनदार नाव लिहिलेले असो, पत्राची वाट पिनकोड ठरवतो. मोबाईलवर येणाऱ्या दुव्यांबाबत, म्हणजे लिंकबाबत, मला ही रीत फार उपयोगी वाटते. कारण दुव्याचा पत्ताही शेवटाकडूनच वाचावा लागतो. अडचण एवढीच, की आखूड केलेल्या दुव्यात तो शेवट आपल्याला दाखवलेलाच नसतो.

पूर्वी पत्रावर ‘मार्फत’ असे लिहून एखाद्या ओळखीच्या दुकानदाराचा पत्ता देत. पत्र दुकानात येई, आणि तेथून पुढे कोणाकडे जाई, ते दुकानदारालाच ठाऊक असे. आखूड दुवा हा असाच मार्फतचा पत्ता आहे. २००२ मध्ये टायनीयूआरएल ही सेवा सुरू झाली आणि पुढे बिटली आली. या सेवा एक लांबलचक पत्ता घेतात, आपल्या वहीत नोंदवतात आणि त्याच्या बदल्यात काही अक्षरांची खूण देतात. त्या खुणेवर बोट टेकवले, की सेवा वही पाहते आणि आपल्याला पुढच्या पत्त्यावर धाडते. हे क्षणार्धात घडते, म्हणून मधला मुक्काम जाणवतही नाही.

अशा दुव्यांमागे नेहमीच कपट असते, असे मात्र नाही. इंग्रजी लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीतील संदेशात अवघी ७०. मराठीत चार शब्द नीट लिहायचे आणि वर लांब पत्ताही द्यायचा, हे या मापात बसत नाही. त्यामुळे प्रामाणिक संस्थाही आखूड दुवे वापरतात. ‘आखूड म्हणजे खोटा’ हा नियम म्हणूनच पुरत नाही. दुवा उघडून न पाहता तो कोठे नेतो, एवढे पाहता आले पाहिजे.

आमच्या इमारतीतील एका निवृत्त शेजाऱ्यांना मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर एक संदेश आला. त्यांच्या स्कूटरवर वाहतूक दंड थकीत आहे, आजच भरला नाही तर प्रकरण न्यायालयात जाईल, असा मजकूर होता; खाली बिटलीचा दुवा होता. संदेश साध्या दहा अंकी क्रमांकावरून आला होता. काका मला म्हणाले, “अहो, मी कल्याणला मुलीकडे स्कूटर घेऊन नेहमी जातो. झालाही असेल दंड. भरून टाकतो.” संदेशाची खरी ताकद या ‘झालाही असेल’मध्ये होती. ठाणे-कल्याण परिसरात दुचाकी चालवणाऱ्या कोणाला आपल्या नावावर एकही चलन नसेल, याची खात्री देता येईल?

आम्ही दुव्यावर बोट न टेकवता सगळा संदेश कॉपी केला, फोनमधल्या टिपणवहीत चिकटवला आणि दुव्याखेरीज बाकीचा मजकूर पुसला. दुवा थेट बराच वेळ दाबून धरण्याचे मी टाळतो, कारण काही फोन तेवढ्यानेच समोरचे पान नमुन्यादाखल उघडतात. बिटलीच्या दुव्यापुढे अधिकचे चिन्ह जोडले, की सेवा पुढे न धाडता आपल्या वहीतील नोंद दाखवते. टायनीयूआरएलसाठी आधी `preview` हा शब्द लावावा लागतो. खुणेच्या जागी येथे `xxxxxxx` लिहिले आहे:

```
bit.ly/xxxxxxx+
preview.tinyurl.com/xxxxxxx
```

हा बदललेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर मूळ लांब पत्ता समोर आला. त्याची घडण पुढीलप्रमाणे होती; खऱ्या बनावट स्थळाला प्रसिद्धी मिळू नये म्हणून शेवटचे शब्द मी बदलले आहेत:

```
https://mahatrafficechallan.gov.in.dand-bhara.example/pay
```

काकांना ‘महाट्रॅफिकचलन’ आणि ‘गव्ह’ ही अक्षरे दिसली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. येथेच टपालखात्याची रीत कामी येते. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी रेघ शोधायची. पत्त्याचे नाव तेथे संपते. त्या रेघेपासून डावीकडे वाचत यायचे. येथे शेवटी `example` आहे आणि त्याआधी `dand-bhara`. या स्थळाचा मालक या दोन शब्दांवरून ठरतो. त्यांच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो, जसे पाकिटावरच्या पहिल्या ओळीत कोणीही ‘मंत्रालय’ असे लिहू शकतो. महाराष्ट्रातील वाहतूक दंडाचे खरे स्थळ `mahatrafficechallan.gov.in` येथेच थांबते. `gov.in` हा शेवट केवळ शासकीय संस्थांनाच मिळतो, पण तो खरोखर शेवटी असेल तरच त्याला अर्थ आहे.

दुवा खोटा ठरला, तरी काकांचा प्रश्न उरलाच होता: दंड आहे की नाही? मग आम्ही खऱ्या स्थळाचा पत्ता स्वतः टाइप केला आणि वाहन क्रमांक व चेसिस क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरले. तेथे हेल्मेटविना स्कूटर चालवल्याचे एक जुने चलन खरोखरच थकीत निघाले. रक्कम वेगळी होती, दिनांकही वेगळा होता. काका थोडे ओशाळले आणि त्यांनी तेथेच तो दंड भरला. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. संदेशातील बातमी खरी निघाली, म्हणून त्यासोबतचा दुवा खरा ठरत नाही. फसवणारा हजारो लोकांना एकच मजकूर पाठवतो. त्यांपैकी काहींच्या बाबतीत तो योगायोगाने जुळतो, आणि तेच लोक अधिक सहज फसतात.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. वहीतील नोंद फक्त पुढचा एक मुक्काम सांगते. तो मुक्काम पुन्हा एखादा आखूड दुवाच असेल, तर तपासणी पुन्हा करावी लागते, आणि अशी साखळी दिसली की मी पुढे जाण्याचा नाद सोडतो. नोंद नंतर बदलताही येते, म्हणून काल तपासलेला दुवा आज तसाच असेल असे नाही. प्रत्येक आखूड सेवेला अशी नोंद दाखवण्याची सोयही नसते. पत्त्याच्या सुरुवातीचे `https` किंवा कुलुपाचे चिन्ह एवढेच सांगते, की वाटेत कोणी मजकूर वाचणार नाही. वाटेच्या टोकाला कोण बसले आहे, हे ते सांगत नाही. पत्त्याच्या अखेरीस `.apk` असेल, तर तेथे पान नसून फोनमध्ये बसवायचे अॅप असते, आणि ते बसवले की आपले एसएमएस व त्यांतील ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात. कधी असे अॅप संदेशालाच जोडून येते; तेथे तपासायला दुवाच नसतो. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती रोखली जाण्याची शक्यता तेवढ्यामुळेच असते.

म्हणून मार्फतचा पत्ता मी दोन कामांसाठी वेगवेगळा पाहतो. संदेश कोणी पाठवला असावा, हे समजण्यासाठी दुवा उलगडावा. पैसे भरण्यासाठी मात्र तो उलगडल्यावर खरा वाटला, तरी वापरू नये. आपल्याला आधीपासून ठाऊक असलेला पत्ता स्वतः टाइप करावा. त्याला फार तर अर्धा मिनिट अधिक लागतो.