मजुर आणि मजुरी

काही वर्षांपूर्वी वारली आंदोलनावरची एक स्मरणिका आमच्या हाती आली. तलासरीतील एका घरात ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली होती. डेमी आकाराची, मधोमध दोन पिना मारलेली, ३२ पानांची पुस्तिका. मूळ प्रत परत द्यायची असल्याने आम्ही ती डहाणूतील एका दुकानात स्कॅन करून घेतली. पुस्तिका उघडून काचेवर पालथी ठेवली की एका चित्रात शेजारशेजारची दोन पाने येत. पहिल्या चित्रात मलपृष्ठ आणि मुखपृष्ठ. अशी एकूण १६ चित्रे झाली.

मजकूर टंकलिखित करायचा तर सुटी पाने हवीत. आम्ही प्रत्येक चित्र बरोबर मध्यावर कापणारी आज्ञा संगणकाला दिली:

```
magick 07.png -crop 50%x100% +repage 07-%d.png
```

मिनिटभरात ३२ तुकडे हाती आले. संख्या जुळली म्हणून आम्ही निश्चिंत झालो, आणि तिथेच फसलो. पहिली चूक लगेच दिसली: पहिल्या चित्राचा डावा तुकडा म्हणजे मलपृष्ठ, म्हणून पुस्तिकेचे शेवटचे पान सर्वांत आधी आले होते. ही चूक किरकोळ होती. दुसरी मात्र मुद्रितशोधनाच्या वेळी उघडकीस आली.

१९४५ साली वारल्यांनी पुकारलेल्या लढ्यात गवतकापणीच्या दराची मागणी मध्यवर्ती होती: ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये. त्याविषयीच्या परिच्छेदात, एका डाव्या पानाच्या तळाशी, ओळीच्या अखेरीस 'मजुर' असा शब्द टंकलिखित झाला होता. आमच्यातील एकाने नियमाप्रमाणे जू दीर्घ करून 'मजूर' केले. वाक्य अडखळत होते. पण जुन्या पुस्तिकेतील भाषा म्हणून आम्ही ते चालवून घेतले. दुसऱ्या वाचनात मात्र तोच ऱ्हस्व उकार खटकला. अकारान्त शब्दात उपान्त्य उकार दीर्घ हवा. तो ऱ्हस्व छापला आहे, याचा अर्थ छापताना तो उपान्त्य नव्हताच. पुढे आणखी एक स्वर होता. शब्द 'मजुरी' होता. वेलांटीचा राहिलेला तुकडा आम्ही डाग समजलो होतो. जिच्यासाठी माणसे लढली ती मजुरीच आम्ही कापून टाकली होती, आणि वर शुद्धलेखनाने ती जखम बुजवली होती.

मग आम्ही चित्रे नीट पाहिली. काच ए-४ मापाची, म्हणजे ३०० डीपीआयला ३५०८ पिक्सेल रुंद. उघडलेली पुस्तिका मात्र ११ इंच, म्हणजे ३३०० पिक्सेल. ती उजव्या कडेला सरकवून ठेवली होती. त्यामुळे चित्राचा मध्य १७५४ पिक्सेलवर, तर घडी १८५८वर. सुरी घडीवर न पडता डाव्या पानात सुमारे ९ मिलिमीटर आत पडली होती. आतला समासही तेवढाच होता. त्यात पान एका अंशाने कललेले, म्हणून वरच्या ओळी वाचल्या आणि खालच्या ओळींची टोके गेली.

देवनागरीत या अपघाताला एक ठरावीक रूप असते. डाव्या पानाची ओळ घडीपाशी संपते, म्हणून तिथे काना आणि दीर्घ वेलांटी जाते. उजव्या पानाची ओळ घडीपाशी सुरू होते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जात असल्याने तिथे तिचाच बळी जातो आणि 'किसान'चा 'कसान' होतो. उरलेला शब्द बहुधा शब्दासारखाच दिसतो, म्हणून डोळा थबकत नाही. खूण शेजारच्या तुकड्यावर सापडते: त्याच्या कडेला सुट्या दंडांची एक उभी रांग दिसते. ती आमच्याही तुकड्यांवर होती. पण कडा 'स्वच्छ' करण्याच्या घाईत आम्ही ती पुसली होती. मूळ चित्रे नष्ट केली नव्हती, एवढेच नशीब.

दुसऱ्यांदा आम्ही क्रम बदलला. आधी शिरोरेषा आडवी होईपर्यंत चित्र सरळ केले आणि बाहेरची रिकामी काच छाटली. मग घडीची सावली शोधली; १६ आणि १७ या मधल्या पानांवर तर पिनाच दिसत होत्या. ती १६५०वर आली, तेव्हा दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल जास्तीचे राखून कापले:

```
magick 07.png -crop 1690x2480+0+0 +repage 07-d.png
magick 07.png -crop 1690x2480+1610+0 +repage 07-u.png
```

अशाने शेजारच्या पानाची पट्टी दोन्हीकडे दिसते. पान थोडे गबाळे वाटते, पण अक्षर जात नाही. प्रत्येक चित्राची घडी वेगळी असल्याने हे आकडे दर वेळी हाताने बदलावे लागले. त्यात एक दुपार गेली.

पुस्तिकेत वारली बोलीतील काही गाणीही आहेत. 'मजुरी' आम्हांला प्रमाण मराठीच्या नियमाने परत मिळाली. गाण्यांतील एखादा काना गेला असता, तर तो परत आणणारा नियम आमच्यापाशी नव्हता. आम्ही तिथे आमचीच मराठी भरली असती आणि कुणालाच ते कळले नसते. म्हणून ती पाने आम्ही कापलीच नाहीत. ती आजही जोडीनेच ठेवली आहेत.