सोपं इंग्रजी, सरळ निरोप

शिक्षक मित्रहो, आपल्या पारशिवनीत क्रिकेट पोराटोरांनाही कळतं, पण बेसबॉल कोण खेळतं? तरी ‘टच बेस’ आणि ‘बॉलपार्क फिगर’ हे बेसबॉलच्या मैदानावरचे शब्द आपल्या इंग्रजी निरोपांत येतात.

समजा, पेंचच्या सहलीबद्दल निरोप आला : ‘लेट्स टच बेस ऑन फ्रायडे. सेंड अ बॉलपार्क फिगर.’ फोन कोणी करायचा, की भेटायचं? काही कळत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘फिगर’ तेवढा ओळखीचा. म्हणून वाचणारे सर पक्की संख्या मिळेपर्यंत थांबतात, आणि बस ठरवायची राहून जाते. खरं तर अंदाज पुरला असता!

मी त्याऐवजी असं लिहितो : ‘प्लीज कॉल मी ऑन फ्रायडे ॲट फोर. अबाउट हाऊ मेनी चिल्ड्रन विल कम? यू कॅन चेंज द नंबर टिल मंडे.’

‘बॉलपार्क’च्या जागी ‘अबाउट’ चालतं, पण आकडा कधीपर्यंत बदलता येईल तेही सांगावं लागतं. ‘टच बेस’ला तर एक ठरलेला पर्यायच नाही, कॉल, मीट की मेसेज, हे आधी आपणच ठरवायचं. निरोप पाठवण्याआधी तो मराठीत सांगून पाहा. तिथं अडखळलात, तर इंग्रजीतही काहीतरी सांगायचं राहिलंय.