डायलमधून दिसणारं घड्याळ

मोबाईल हातात असताना आपल्या घरातली मुलं पुन्हा चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांकडे वळलेली पाहून मला मजा वाटते. त्यांना वेळ कळायला घड्याळ नको असतं, आतली चाकं फिरताना बघायची असतात. अशा घड्याळांचे दोन प्रकार आहेत. डायलला एकच खिडकी ठेवून आतलं धडधडणारं बॅलन्स व्हील दाखवलं, तर ते ओपन-हार्ट. डायल जवळजवळ काढूनच टाकली आणि आतल्या पट्ट्याही कोरून पोकळ केल्या, तर ते स्केलेटन. डायलच्या खिडकीची कल्पना लोकप्रिय झाली ती फ्रेडरिक कॉन्स्टंट या स्विस कंपनीच्या १९९४ मधल्या हार्ट बीट घड्याळापासून. स्केलेटन मात्र फार जुनं.

दुकानात स्केलेटन बाजी मारतं, कारण त्यात सगळंच दिसतं. पण दिसणं वेगळं आणि हलताना दिसणं वेगळं. ताशी २१,६०० ठोके देणाऱ्या यंत्रात बॅलन्स व्हील सेकंदाला सहा ठोके घेतं, म्हणजे तीनदा जाऊन परत येतं. त्याच्या शेजारचं एस्केप व्हीलही टकटक पुढे सरकतं. त्याआधीची चाकं मात्र संथ. सेकंदकाट्याचं चाक मिनिटाला एक फेरी घेतं, मधलं चाक तासाला एक, आणि स्प्रिंग गुंडाळलेला डबा त्याहूनही सावकाश. म्हणजे नजरेला जे जिवंत वाटतं, ते ओपन-हार्टच्या छोट्या खिडकीत बहुतेक सगळं येतं. स्केलेटनमध्ये जास्तीचं मिळतं ते वाचायला: स्प्रिंगच्या डब्यातली ताकद कुठल्या चाकातून कुठे जाते, हे बोट ठेवून मुलांना दाखवता येतं.

गेल्या वर्षी आमच्या सुभानपुऱ्यातल्या घरी बाबांच्या पंच्याहत्तरीला नातवंडांनी वर्गणी काढून घड्याळ द्यायचं ठरवलं. भाच्याला स्केलेटन हवं होतं. मी म्हटलं, "अरे, आजोबा रात्री नऊची गोळी घड्याळ बघून घेतात. त्यांना आधी वेळ दिसली पाहिजे." मग आम्ही दोन्ही घड्याळं हातभर अंतरावर धरली, दिवा मंद केला आणि बाबांना फक्त एक नजर टाकायला सांगितली. स्केलेटनचे चकचकीत स्टीलचे काटे मागच्या चकचकीत चाकांत हरवले. बाबांनी घड्याळ तिरकं केलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "यातला काटा कुठला रे?" ओपन-हार्टमध्ये पांढऱ्या डायलवर गडद निळे काटे होते, खिडकी नऊच्या बाजूला. तासकाटा नऊच्या आसपास खिडकीवर येतो खरा, पण मिनिटकाटा तेव्हाही बाराजवळ स्वच्छ दिसतो. बाबांनी लगेच वेळ सांगितली. भाचा गप्प झाला, मग म्हणाला, "मावशी, स्केलेटनचे काटे काळे असते तर?" प्रश्न रास्त होता. काटे एकाच गडद, बिनचमकीच्या रंगाचे आणि कडेला आकड्यांचं भरीव कडं असेल, तर स्केलेटनही बरंच वाचता येतं. आमच्यासमोरचं तसं नव्हतं.

राहिला धुळीचा प्रश्न. डायलला भोक, म्हणजे आत धूळ जाणार, असं सगळ्यांना वाटतं. पण धूळ अडवायचं काम डायल करतच नाही. ते काम वरची काच, मागचं झाकण आणि चावीपाशी बसवलेल्या रबरी कड्या करतात. त्या ठीक असतील तर बडोद्याच्या उन्हाळ्यातली धूळ दोन्ही घड्याळांत सारखीच बाहेर राहते. फरक पडतो आत काही सुटलं तर. काट्याचा रंग खवला गेला किंवा दुरुस्तीत एखादा तंतू राहिला, तर साधी डायल तो वरच्यावर झेलते. ओपन-हार्टमध्ये तो नेमका बॅलन्सच्या खिडकीतून खाली पडू शकतो. स्केलेटनमध्ये पडायच्या जागा आणखी जास्त, पण निदान तो काचेतून दिसतो.

बिघाड ओळखायच्या दोन खुणा आहेत. घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं, तर केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता असते. हे तंतूने, तेलाने किंवा चुंबकानेही होतं. आणि पूर्ण चावी दिल्यावर चाळीस तास चालणारं घड्याळ वीस-पंचवीस तासांतच थांबू लागलं, तर तेल सुकलं किंवा त्यात धूळ मिसळली असा संशय घ्यावा. दोन्ही वेळा मागचं झाकण घरी उघडू नका. तेवढ्यानेच नवी धूळ आत जाते. वेळ लावून झाल्यावर चावी पूर्ण आत दाबायची सवय मात्र मुलांना आजच लावा. ती बाहेर ओढलेली राहिली, तर डायल कोणतीही असो, धुळीला वाट तिथूनच मिळते.