तराफा किती वजन पेलेल? एका सेंटिमीटरचा हिशोब

आठवीच्या विज्ञानात आर्किमिडीजचं तत्त्व येतं. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. तुमच्या वर्गात हा धडा आला की एकदा तराफ्याचं गणित करून बघा. घरीही करता येतं. एक सरळ भिंतींचा प्लास्टिकचा डबा, पाण्याची परात किंवा टब, मोजपट्टी आणि वाळूच्या अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या एवढंच लागतं.

समजा डबा ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि ६ उंच आहे. तळ सपाट आणि भिंती सरळ असल्या की एक छान गोष्ट घडते. डबा एक सेंटिमीटर खाली गेला की तो ३० × २० × १, म्हणजे ६०० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारतो. तेवढ्या पाण्याचं वजन ६०० ग्रॅम. म्हणून या डब्याचा एकच आकडा लक्षात ठेवायचा: सेंटिमीटरला सहाशे ग्रॅम. (भिंती वर फाकलेल्या असतील तर हा आकडा खाली कमी आणि वर जास्त निघेल, म्हणून पहिल्यांदा सरळच डबा घ्या.)

रिकामा डबा ३०० ग्रॅमचा असेल तर तो आधीच अर्धा सेंटिमीटर बुडतो. हे मुलं हमखास विसरतात, डब्याचं स्वतःचं वजन वजाच करत नाहीत. चार पिशव्या ठेवल्या की एकूण वजन २३०० ग्रॅम, म्हणजे डबा ३.८ सेंटिमीटर आत. आधी आकडा फळ्यावर लिहून घ्या, मग डबा पाण्यात सोडा. पट्टी लावून बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात!

आता खरा प्रश्न. पूर्ण सहा सेंटिमीटर बुडायला ३६०० ग्रॅम लागतात. डब्याचे ३०० वजा केले की उरतात ३३००. मग सहा पिशव्या, म्हणजे तीन किलो, आरामात जातील ना? जातात खऱ्या. पण पाण्याच्या वर भिंत उरते फक्त अर्धा सेंटिमीटर. मधली एक पिशवी कडेला सरकवा, डबा कलतो, पाणी आत येतं आणि सगळं तळाला. गणितात आलेले ३३०० ग्रॅम ही बुडण्याची हद्द आहे, पेलण्याची नाही.

हेच मोठ्या तराफ्याला लावून बघू. धरणाच्या फुगवट्यात किंवा खाडीत दिसणारा बंद पोलादी पेटीचा तराफा घ्या, ३ मीटर लांब, २ रुंद, ४० सेंटिमीटर उंच. याचा आकडा सेंटिमीटरला ६० किलो. तराफ्याचं स्वतःचं वजन ३०० किलो धरलं तर रिकामा तो पाच सेंटिमीटर बुडतो. त्यावर साठ किलोची दहा माणसं मधोमध उभी राहिली की एकूण ९०० किलो, आणि तराफा १५ सेंटिमीटर आत. वर २५ सेंटिमीटर शिल्लक. कुणीही म्हणेल, अजून दहा माणसं चढवा.

थांबा. तीच दहा माणसं काहीतरी बघायला अर्धा मीटर एका बाजूला सरकली तर? तराफा तिकडे कलतो, ती कडा सुमारे २६ सेंटिमीटर आणखी खाली जाते. १५ आणि २६ मिळून ४१. तराफ्याची उंची मात्र ४०. म्हणजे कडेवरून पाणी वर येतं, पायाखाली निसरडं होतं आणि माणसं आणखी खालच्या बाजूला घसरतात. एकाही माणसाची भर न पडता हे होतं.

आता तीच माणसं खाली बसवा. वजन तेवढंच, पण ते खाली आलं. अर्धा मीटर सरकली तरी कडा १९ सेंटिमीटरच जास्त खाली जाते, म्हणजे एकूण ३४. पाणी वर येत नाही. नावाडी "बसा, बसा" ओरडतो ते उगाच नाही. कलण्याचा हा पूर्ण हिशोब आठवीला करायला लावू नका, ते पुढच्या वर्गांचं काम. डब्यात वाळूच्या पिशव्या एकावर एक रचून आणि नंतर पसरून ठेवून फरक दाखवला की पुरतं. रचलेला डबा धक्का दिल्यावर किती डुलतो ते मुलांना लगेच दिसतं.

पेटीला बारीक छिद्र असेल तर वेगळीच गोष्ट. आत पाच सेंटिमीटर पाणी साचलं की तीनशे किलो वाढले, आणि तेही जागेवर राहत नाही, कल असेल तिकडेच धावतं. म्हणून रिकामा तराफा किती बुडतो याची एक रेघ पोलादावर रंगवून ठेवायची. माणसं चढायच्या आधीच पाणी त्या रेघेच्या वर दिसलं, तर आत पाणी आहे हे न उघडता कळतं. डब्यालाही ही रेघ मारायला सांगा, मार्करने.