रात्री तीन वाजता कोण उठणार?

मंडळी, आमच्याकडे जुळ्या मुली झाल्या तेव्हा घरात मोठी माणसं चार. आम्ही दोघं, माझी आई आणि सासूबाई. लोक म्हणायचे, "चौघं आहात, मग कसली काळजी!" पण पहिला आठवडा चौघंही रात्रभर जागे. एक रडली की सगळे उठायचे.

आठव्या रात्री धाकटीला दोनदा दूध पाजलं गेलं आणि थोरली उपाशीच झोपून राहिली. सकाळी तिचा लंगोट कोरडा निघाला, तेव्हा कळलं. आईला वाटलं विहीणबाईंनी पाजलं, सासूबाईंना वाटलं मी पाजलं. डॉक्टर रागावले. म्हणाले, "कमी वजनाचं बाळ भूक लागली तरी रडेलच असं नाही, गपगार झोपून राहतं. तीन तास झाले की उठवून पाजा."

मग रात्र वाटून घेतली. नऊला बायको दोघींना पाजणार, वर थोडं दूध काढून फ्रीजमध्ये ठेवणार आणि दार लावून झोपणार. बाराला सासूबाई आणि मी तेच दूध गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करून वाटी-चमच्याने पाजणार. मग आम्ही झोपणार. तीनला बायको पाजणार, आई ढेकर काढून लंगोट बदलणार. सहापर्यंत पाळणे आईकडे. एक उठली की दुसरीलाही लगेच उठवायचं, नाहीतर रात्रभर एकीमागून एक चालू राहतं.

भिंतीवर कागद लावला, दोन रकाने. पाजलं किती वाजता, कुणी, शू झाली का. लिहिल्याशिवाय दुसरीला उचलायचं नाही. थोरलीच्या पायात काळा दोरा, कारण झोपेत मलाही दोघी सारख्याच दिसायच्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सहा तासांच्या अंतराने बायकोची छाती दगडासारखी व्हायची, मग मध्येच उठून दूध काढावं लागे. एकदा खुर्चीत पाजताना मला डुलकी लागली आणि बाळ मांडीवरून घसरलं. सासूबाईंनी झेललं. "जावईबापू, झोप येत असेल तर सांगा, लाजू नका," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून डोळे मिटायला लागले की बाळ पाळण्यात, हा नियम.

आता मुद्दा. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस रजा आहे. माझ्यासारख्या खासगी नोकरीवाल्याला कायद्याने एक दिवसही नाही. आईला २६ आठवडे, मूल एक असो की दोन. आमच्या कागदावर दोन आज्या होत्या म्हणून निभावलं. ज्यांच्या घरी त्या नाहीत, त्यांच्या कागदावर तीन वाजता कुणाचं नाव लिहायचं?

तोवर एक करा. जुळ्यांना बघायला जाल तेव्हा झबली नेऊ नका. दुपारी दोन तास पाळण्याशी बसा, रात्रपाळीवाल्याला झोपू द्या.